काटा नाही घरात? मग पिशवीवरचा आकडा वाट्यांनी भागा

मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे आयसीएमआर-एनआयएनने, भारतीयांसाठी आहाराच्या नव्या सूचना काढल्या आणि तेव्हापासून त्यातला तो ताटाचा तक्ता फॅमिली ग्रुपवर अधूनमधून फिरतच असतो. दिवसाला साधारण २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम असं काय काय त्यात आहे. वाचून सगळे मान डोलावतात आणि मग कोणीतरी विचारतंच, अहो पण २५० ग्रॅम म्हणजे पोळ्या किती?

प्रश्न एकदम बरोबर आहे. आपल्याकडे पोळी मोजतात नगावर, भात वाटीवर किंवा मुदीवर आणि आमटी डावावर. डाएटिशियनच्या चार्टवर लिहिलेलं असतं '२ फुलके, १ वाटी भात, १ वाटी वरण', पण फुलका केवढा, वाटी कुठली, वरण किती घट्ट याबद्दल चार्टवर काही नसतं. नेटवर बघावं तर हाताची चित्रं, मूठ म्हणजे भात, तळवा म्हणजे चिकन, अंगठ्याचं टोक म्हणजे तूप. ती चित्रं चुकीची नाहीत, पण ती कोणाच्या तरी हाताची आणि कोणाच्या तरी भाताची आहेत, तुमच्या नाही. तुमचा हात आणि तुमची वाटी एकदा जुळवून घेतली तर काट्याशिवाय पुरेसा नेमका अंदाज येतो, आणि जुळवायला काही विकत घ्यायला लागत नाही, कारण वजन छापलेली पिशवी तुमच्या घरात आधीपासून आहे.

## आधी एक गोष्ट: आकडे कच्च्याचे असतात

त्या तक्त्यातले २५० ग्रॅम धान्य हे कच्चं वजन आहे, म्हणजे शिजवायच्या आधीचे तांदूळ, मळायच्या आधीचं पीठ. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. १०० ग्रॅम तांदळाचा भात भरतो २८० ते ३०० ग्रॅम, बाकी सगळं पाणी. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ६० मिली पाणी जातं, ज्वारीच्या पिठात तर जवळजवळ पिठाएवढंच. आमटीचं विचारूच नका, ती किती वाढवायची हे घरात किती माणसं अचानक जेवायला आली त्यावर असतं.

पाण्यात कॅलरी नसतात, त्यामुळे ताटातल्या पदार्थाचं वजन करून तसं फार काही कळत नाही. कळायला पाहिजे ते हे की ताटातल्या त्या भातात कच्चे तांदूळ किती होते. कच्चं धान्य कुठलंही घ्या, तांदूळ, गहू, ज्वारी, १०० ग्रॅमला ३५०च्या आसपास कॅलरी धरल्या तर फार चूक होत नाही. म्हणजे एकदा कच्चे ग्रॅम कळले की पुढचं गणित तोंडी होतं.

आणि कच्चे ग्रॅम कळायला भागाकार पुरतो. पिशवीवर १ किलो लिहिलंय, तिच्या वाट्या किती भरल्या, त्या एका वाटीचा भात किती वाट्या झाला, बस.

## पहिलं काम: वाटीची ओळख

आहाराच्या चार्टमधली 'वाटी' बहुतेक वेळा १५० मिलीची धरलेली असते. आपल्या मांडणीवर मात्र शंभर मिलीच्या श्रीखंडाच्या वाटीपासून अडीचशे मिलीच्या त्या पसरट वाडग्यापर्यंत सगळं असतं आणि सगळ्याला आपण वाटीच म्हणतो. १ लिटरची पाण्याची बाटली असते ना, ती भरून घ्या आणि तुमच्या रोजच्या वाटीत ओतत जा, दर वेळी वाटी काठाबरोबर भरून. साडेसहाच्या आसपास वाट्या झाल्या तर वाटी १५० मिलीची, पाच झाल्या तर २००ची, चारच झाल्या तर २५०ची. तिला खूण म्हणून वेगळी ठेवा, म्हणजे मापाची वाटी तीच, रोज तीच.

परदेशात असाल तर अजून एक घोळ असतो. अमेरिकन रेसिपीतला 'कप' साधारण २४० मिलीचा, आणि राइस कुकरबरोबर जो छोटा प्लास्टिकचा कप येतो तो १८० मिलीचा, त्यात तांदूळ १५० ग्रॅम बसतात. तो कप टाकून देऊ नका, घरातलं सगळ्यात भरवशाचं माप तेच आहे.

## भात: मूद दाबली की हिशोब बदलतो

तांदळाची नवी १ किलोची पिशवी फोडली की डब्यात थेट ओतायच्या ऐवजी एकदा मापाच्या वाटीने टाका आणि मोजा, वाटी वरून बोट फिरवून सपाट करायची. १५० मिलीची वाटी असेल तर आठच्या आसपास वाट्या होतील. म्हणजे एक वाटी कच्चे तांदूळ १२५ ग्रॅम.

मग रोजच्यासारखा भात लावा, एक वाटी तांदूळ, आणि झाल्यावर त्याच वाटीने काढून बघा किती वाट्या होतो. मोकळा भात, कोलम किंवा बासमती वगैरे, न दाबता भरला तर साधारण तीन वाट्या होतो. १२५ भागिले ३, म्हणजे एका वाटी भातात ४० ग्रॅमच्या थोडे वर तांदूळ, दीडशेच्या आत-बाहेर कॅलरी. चार्टमधली 'एक वाटी भात' ती हीच.

पण आपण वाढतो कशी, तर मूद पाडून. वाटीत भात भरायचा, डावाने जरा दाबायचा, ताटात उलटी करायची, वर वरण आणि तूप. दाबल्यावर त्याच भाताच्या तीनऐवजी अडीचच मुदी पडतात, कारण मधली हवा गेली. म्हणजे एका मुदीत तांदूळ झाले ५० ग्रॅम. त्यात इंद्रायणी किंवा आंबेमोहोर असेल तर भात मुळातच चिकट, न दाबताही घट्ट बसतो. आणि वाटीवर शिगेचा डोंगर केला तर अजून वाढ, पसरट तोंडाच्या वाटीत तर शीग म्हणजे जवळजवळ अजून तिसरा हिस्सा भात. वाटी एकच, भात तोच, पण मोकळा सपाट आणि दाबून शिगेने भरलेला यात दीडपटीचा फरक सहज पडतो. म्हणून नुसतं वाटीचं माप माहीत असून भागत नाही, भरायची पद्धतही रोज एकच पाहिजे. मुदीची सवय असेल तर मूदच माप धरा, फक्त भागाकार मुदींवर करा.

## पोळी: लाटण्याच्या आधीच बघायचं

पोळीचा हिशोब खरंतर भातापेक्षा सोपा आहे कारण ती नगावर आहे. आट्याची १ किलोची पिशवी फोडली की फ्रिजवर कागद चिकटवा आणि ती पिशवी संपेपर्यंत रोज किती पोळ्या झाल्या त्याच्या रेघा मारा. १००० भागिले एकूण पोळ्या. ३३ झाल्या तर पोळीला ३० ग्रॅम पीठ, २५ झाल्या तर ४० ग्रॅम, ५० झाल्या (मग ते फुलकेच असणार) तर २० ग्रॅम. लाटताना लावायचं पीठही यात आलं, आणि ते बरंच पोळीबरोबर पोटातच जातं त्यामुळे ते वजा करत बसू नका. दळून आणत असाल तर चक्कीवाला वजन करूनच देतो, तो आकडा धरा.

कागदावर रेघा मारायचा कंटाळा असेल तर उंड्याकडे बघा. मध्यम लिंबाएवढा उंडा, साधारण सव्वाचार सेंटीमीटर रुंद, म्हणजे ३० ग्रॅम पीठ. आता इथे डोळा फसतो. उंडा चारचा पाच सेंटीमीटर झाला तर बघणाऱ्याला वाटतं थोडा मोठा घेतलाय, पण पीठ त्यात जवळजवळ दुप्पट असतं. गोल वस्तू रुंदी, उंची, खोली अशा तिन्ही बाजूंनी एकदम वाढते त्यामुळे असं होतं. म्हणून उंडे करून ठेवायची सवय असेल तर सगळे आधी करून ओळीने ठेवा, एकेकटा बघून फरक कळत नाही पण शेजारी शेजारी ठेवले की लगेच कळतो.

लाटलेल्या पोळीवरून अंदाज करायचा तर रुंदी मोजायची, आणि त्याला हात चांगला उपयोगी. अंगठा आणि तर्जनी ताणून होणारी टीच, आणि अंगठा ते करंगळी वीत, ही दोन्ही मुलांच्या कंपासमधल्या १५ सेंटीमीटरच्या पट्टीने एकदा मोजून ठेवा. बऱ्याच बायकांची टीच १५च्या आसपास भरते. १५ सेंटीमीटरचा पातळ फुलका म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास पीठ, १८ची नेहमीची पोळी ३०, आणि २२ची मोठी पोळी तेवढ्याच जाडीची असेल तर ४५. रुंदी चारच सेंटीमीटरने वाढली पण पीठ दीडपट. आणि घडीची पोळी असेल तर आतल्या तेलाचं वेगळं, घडीत अर्धा चमचा गेला तरी वीसेक कॅलरी.

भाकरीला हे मोजमाप चालत नाही कारण तिची जाडी घराघरात वेगळी, शिवाय सोलापूरकडची पातळ कडक भाकरी आणि चुलीवरची जाड भाकरी यांची तुलनाच नको. तिथे पिशवीचाच भागाकार बरा. घरच्या मध्यम भाकरीला ६० ते ८० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे 'मी पोळ्या सोडल्या, आता एकच भाकरी खाते' यात धान्य कमी झालेलं नसतं, दोन पोळ्यांएवढंच असतं, कधी जास्तच. ज्वारी-बाजरीचे फायदे आहेत, पण धान्य कमी खाल्लं जातं हा त्यातला नाही.

## आमटी: वाटी भरलेली, डाळ कुठाय

पोळी-भाताच्या बाबतीत आपण नकळत जास्त खातो, आमटीत बरोबर उलटं होतं. आमटीची वाटी बघून पोटात डाळ गेली असं वाटतं, पण वाटीत पाणी किती आणि डाळ किती ते वाटी सांगत नाही.

परत तोच भागाकार. १५० मिलीच्या वाटीत तुरीची डाळ साधारण १२५ ग्रॅम बसते. ती एक वाटी डाळ शिजवून घोटून घट्ट वरण केलं आणि त्याच्या चार वाट्या झाल्या तर वाटीमागे ३० ग्रॅम डाळ, त्यात प्रोटीन साडेसहा-सात ग्रॅम. तीच डाळ वाढवून आठ वाट्या आमटी केली तर वाटीमागे १५ ग्रॅम डाळ, प्रोटीन तीन-साडेतीन. कट किंवा सार असेल तर अजून कमी. आणि पातेल्यात डाळ खाली बसते, त्यामुळे ज्याला वरवरची पहिली वाटी मिळाली त्याच्या नशिबी पाणी आणि फोडणी, शेवटच्याच्या ताटात सगळा गाळ. डाव तळापर्यंत घालून ढवळून वाढायचं, मापासाठी तरी.

तक्त्यातले ८५ ग्रॅम डाळी-अंडी-मांस आठवा. कोणी शाकाहारी असेल आणि अंडंही खात नसेल आणि तिची सगळी मदार अशा पातळ आमटीवर असेल तर ८५ ग्रॅमला साडेपाच-सहा वाट्या लागतील. एवढी आमटी दिवसात कोण पितं? त्यापेक्षा उसळ घ्यायची. कच्च्या मटकीला मोड येऊन शिजल्यावर ती अडीच-तीन पट वजनाची होते, पण उसळ घट्ट असते, त्यात लपायला पाणी नसतं.

रश्श्यातल्या चिकन-मासळीला मात्र तळवा चांगला. बोटं सोडून नुसता तळवा, करंगळीएवढा जाड तुकडा, शिजलेला शंभर ग्रॅमच्या थोडा अलीकडे. हाड असेल तर ते त्यात धरायचं नाही, हे सांगायची गरज नाही पण हॉटेलात गरज पडते.

तेलाचा अंदाज ताटात बघून कोणालाच येत नाही, मलाही नाही, कारण भाजी ते पिऊन टाकते आणि रश्श्यावर तरंगतं तेवढंच दिसतं. तिथे फोडणीच्या वेळीच मोजायचं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं टोपण असतं, ५-१०-१५ मिलीच्या खुणांचं, ते धुऊन ठेवा, तुमचा फोडणीचा चमचा किंवा पळी त्याने एकदा मोजा. ५ मिली तेल म्हणजे ४० कॅलरी. महिन्याचा हिशोब तर अजून सोपा, १ लिटरच्या पिशवीत ९१० ग्रॅम तेल असतं, ती माणशी महिना पुरली तर दिवसाला ३० ग्रॅम झालं, म्हणजे २७च्या थोडं वर, आणि त्यात तूप, लोणी, बाहेरचा वडापाव धरलेलाच नाही.

## आत्याचं जेवण

माझ्या आत्याला शुगर निघाली तेव्हा तिला चार्ट मिळाला, दुपारी २ फुलके, १ वाटी भात, १ वाटी वरण, भाजी, काकडी. आत्या शिस्तीची, चार्ट तंतोतंत पाळत होती, तरी जेवणानंतरची शुगर काही खाली येईना आणि घरच्यांना संशय की ती चोरून गोड खाते. ती काही खात नव्हती. शेवटी तिच्या स्वयंपाकघरात बसून हा सगळा भागाकार केला.

तिची वाटी लग्नातल्या जुन्या सेटमधली, जाड स्टीलची. लिटरभर पाण्याला साडेचार वाट्या, म्हणजे २२० मिली. त्यात कच्चे तांदूळ १८५ ग्रॅम. भात इंद्रायणीचा, मूद दाबून, एक वाटी तांदळाच्या अडीच मुदी, म्हणजे एका मुदीत ७४ ग्रॅम तांदूळ. चार्टवाल्याच्या मनात होते ४०. पोळ्या फुलके नव्हेतच, घडीच्या, किलोला २४, म्हणजे पोळीला ४२ ग्रॅम पीठ, दोनाचे ८४. चार्टवाल्याच्या मनात दोन फुलक्यांचे चाळीस-पन्नास. एकूण धान्य एका जेवणात १५८ ग्रॅम, पाहिजे होतं ८० ते ९०. जवळजवळ ७० ग्रॅम जास्त, अडीचशे कॅलरी जास्त, आणि सगळं पीठ-भाताचं, जे शुगरला थेट लागतं.

आणि वरण? अर्धी वाटी डाळ, म्हणजे ९० ग्रॅमच्या आसपास, तिची सहा मोठ्या वाट्या आमटी. वाटीमागे १५ ग्रॅम डाळ, पाहिजे होती त्याच्या निम्मी.

म्हणजे धान्य दुप्पटीला टेकलेलं, डाळ निम्मी, आणि चार्टवर बघाल तर सगळं बरोबर! बदल फार नाही केले. भाताला १५० मिलीची वेगळी वाटी दिली आणि मूद बंद, भात मोकळा करून सपाट वाटी. उंडा लिंबाएवढा, त्याच दोन पोळ्या, पण आता साठ ग्रॅमच्या. डाळ तेवढीच ठेवून तिच्या सहाऐवजी तीन वाट्या घट्ट वरण, कारण एवीतेवी घरात दोघंच. धान्य शंभर ग्रॅमवर आलं. फुलक्यावर आली असती तर चार्टच्या आकड्यात बसली असती, पण घडीच्या पोळीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही म्हणाली, आणि १५८चे १०० झाले हे काही कमी नाही. हे बदल तिने डॉक्टरांना सांगूनच केले, कारण गोळ्या चालू असताना जेवण एकदम कमी केलं तर शुगर फार खाली जाऊ शकते.

## मग हाताचं काम काय?

वाटी लग्नाला, ऑफिसच्या कँटीनला, दुसऱ्याच्या घरी नेता येत नाही, हात बरोबर असतो. पण हातही एकदा वाटीशी जुळवावा लागतो.

एक पातेलं परातीत ठेवा, काठोकाठ पाण्याने भरा, मूठ वळून मनगटापर्यंत हळूच बुडवा. परातीत सांडलेलं पाणी मापाच्या वाटीने मोजा. तेवढी तुमची मूठ. बहुतेकांची १५० मिलीच्या दीड ते तीन वाट्यांच्या मधे कुठेतरी भरते, उंचापुऱ्या पुरुषाची तीनकडे, लहान चणीच्या बाईची दीड-दोनकडे. समजा तुमची दोन वाट्या आली, तर पंगतीत ताटातला भाताचा ढीग मुठीएवढा दिसला की तो दोन वाट्या, म्हणजे ८० ग्रॅम तांदूळ. निम्म्या मुठीएवढा पाहिजे असेल तर तिथेच हात आडवा धरायचा.

इथे एक गफलत टाळा. आपल्याकडे आजी 'माणशी एक मूठ' म्हणून तांदूळ काढायची ती मुठीत मावणारे कच्चे तांदूळ, ते साधारण ३० ते ४० ग्रॅम असतात, म्हणजे एक वाटी मोकळा भात. नेटवरच्या चित्रातली मूठ म्हणजे मुठीच्या आकाराचा शिजलेला भात. दोन्हीत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. आजीची मूठ मोजायची तर एक सपाट वाटी तांदळात तुमच्या किती मुठी होतात ते बघा, तीन-चार होतील.

## पण प्रत्येकाचा हात वेगळा, मग हे शास्त्रीय कसं?

वेगळा आहे, आणि त्यामुळेच दुसऱ्याच्या हाताचा तक्ता वापरायचा नाही, स्वतःचा करायचा. राहिली चूक, तर ती राहणारच, जुळवलेल्या वाटीनेही दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतं आणि नुसत्या नजरेने त्याहून जास्त. पण रोज पाच मिनिटं पुढे असणाऱ्या घड्याळावर माणूस वेळेत लोकल पकडतो, जे कधी पुढे कधी मागे असतं त्याच्यावर नाही. तसंच हे. तुमची वाटी ४०ऐवजी ४५ ग्रॅमची असेल आणि रोज तेवढीच असेल तर महिन्याने वजन किंवा शुगर बघून तुम्ही अर्धी वाटी कमी करू शकता. एक दिवस सपाट, एक दिवस शीग, एक दिवस मूद असं असेल तर कशाला काय कारणीभूत ते कधीच कळणार नाही.

## काटा काही फार महाग नाही, घेऊन टाकावा की

घ्या, जरूर घ्या, चारपाचशेत येतो. पण काट्यावर भात ठेवला तर तो १२० ग्रॅम दाखवेल, त्यात तांदूळ किती हे नाही दाखवणार, तिथे भागाकार करावाच लागतो. आमटीत तर काटा अगदीच निरुपयोगी, घट्ट वरण आणि पातळ आमटी दोन्ही वाटीला जवळजवळ सारखीच वजनाला भरतात. काट्याने पिशवी मोजायचं काम वाचतं, एवढंच.

काही जणांना मात्र काटा पाहिजेच. जेवणातले कार्बोहायड्रेट मोजून त्यावर इन्सुलिनचे युनिट ठरवत असाल तर मूठ-वाटीवर विसंबू नका, तिथे पंधरा टक्क्यांची चूकसुद्धा त्रास देते. किडनीचा आजार असून प्रोटीन मोजून दिलं असेल त्यांनाही हेच, आणि लहान मुलांच्या औषधी आहारालाही.

## बाहेर जेवताना

हॉटेलच्या थाळीतल्या वाट्या लहान असतात, बऱ्याचदा शंभर मिलीच्या, त्यामुळे डाळ अजून कमी आणि वर तर्री. भात मात्र प्लेटवर येतो, त्याला मूठ लावा. तंदुरी रोटीला घरच्या दोन पोळ्या धरा, नानला त्याहून जास्त, वरच्या बटरसकट. मेसच्या डब्यात चार पोळ्या येत असतील तर एकदा त्यांची रुंदी टिचेने बघा, मेसवाल्या मावशी बदलल्या की पोळी बदलते आणि ती कागदावर तेवढीच चार दिसत राहते.

खिचडी, पुलाव, बिसी बेळे भात अशा मिसळलेल्या पदार्थांना वाटीचा ठरलेला आकडा नाहीच, तिथे पातेल्यात काय गेलं ते बघायचं. एक वाटी तांदूळ १२५ ग्रॅम, अर्धी वाटी मूगडाळ साधारण ६५, मिळून १९०, खिचडी झाली पाच वाट्या, तर वाटीमागे ३८ ग्रॅम, त्यात तांदूळ २५ आणि डाळ १३. म्हणजे रात्री दोन वाट्या खिचडी खाल्ली तर भात सव्वा वाटीएवढा आणि डाळ जवळजवळ घट्ट वरणाच्या वाटीएवढी, जी दुपारच्या आमटीपेक्षा बरीच बरी. पाणी जास्त घालून पातळ केली तर वाट्या सात होतील, मग १९० सातने भागा.

आट्याचा ब्रँड बदलला, नवे तांदूळ आणले (नवा तांदूळ कमी फुगतो, जुना जास्त), पोळ्या लाटणारं माणूस बदललं किंवा वाट्यांचा नवा सेट आला की आकडे परत काढायचे. तोपर्यंत फ्रिजवरच्या कागदावर चार ओळी पुरतात: वाटी किती मिलीची, एका वाटी तांदळाच्या किती वाट्या भात, किलोला किती पोळ्या, एका वाटी डाळीचं किती वाट्या वरण.